तीनशे किलोंचा पहिला घाणा

दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना साताऱ्यातल्या एका बाईंना पुण्याहून फोन आला. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फराळाचा डबा द्यायचा होता आणि त्यात भाजणीच्या चकलीचं पाव किलोचं एकेक पाकीट हवं होतं. पाकिटं १२००, म्हणजे ३०० किलो चकली, आणि तीही बारा दिवसांत. तोवर या बाई आठवड्याला दहा-बारा किलो चकली करत होत्या. ओळखीच्या घरांतून आणि दोन दुकानांतून ती खपायची. आळीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू. गोष्टीतल्या वहिनी एकच असल्या, तरी त्यांच्या वहीतले हिशेब त्यांच्यासारख्या अनेकजणींच्या वह्यांमधून आलेले आहेत. भाव गावागावाला थोडे इकडेतिकडे होतील. गणित मात्र तेच राहील.

फोन ठेवल्यावर वहिनींच्या मनात पहिला हिशेब झाला तो असा. तांदूळ, डाळी, तेल, तिखट-मीठ-तीळ मिळून किलोमागे १४० रुपये जातात. भाव ठरला ३३०. म्हणजे किलोला १९० सुटले आणि ३०० किलोंचे ५७ हजार. घरगुती उद्योगातल्या बहुतेकींचा पहिला हिशेब हाच असतो, आणि तो चुकीचाच असतो. आपल्या स्वयंपाकघरात आठवड्याला दहा किलो करताना गॅस घरखर्चात जातो, चकल्या पाडायला जाऊबाई बसतात, पाकिटं भरायला मुलगी मदत करते आणि स्कूटरवरून माल पोचवायला नवरा असतो. यातलं काहीच वहीत येत नाही. ऑर्डर मोठी झाली की ही सगळी फुकटची माणसं एकदम पगारी होतात.

पण पैशांकडे नंतर येऊ. आधी कढई.

भाजणी वहिनींच्या सासूबाईंची. चार भाग तांदूळ, दोन भाग हरभरा डाळ, एक भाग उडीद डाळ, अर्धा भाग मूग डाळ, शिवाय धणे-जिरे. घरोघरी थोड्याफार फरकाने हीच असते. फरक पडतो तो भाजण्यात. प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर भाजायचं, कारण उडीद डाळ गुलाबी होते तेव्हा तांदूळ अजून पांढराच असतो. आधी तांदूळ धुऊन सावलीत सुकवायचे. सासूबाई मापं सांगायच्या ती वाटीने आणि हाताने: "मोहन घालायचं, मुठीत दाबलं की गोळा राहिला पाहिजे. पाणी पिठाला विचारून घालायचं." पिठाला विचारून पाणी घालणं सासूबाईंना जमत होतं, वहिनींनाही जमायला लागलं होतं. रोजावर आलेल्या चार बायकांना ते कसं जमणार?

म्हणून फोन आल्यावर पहिल्या संध्याकाळी वहिनींनी कढई चढवली नाही, वजनकाटा काढला. सासूबाईंना समोर बसवून त्यांना नेहमीसारखी एक किलोची उकड काढायला सांगितली. त्या काही टाकणार की वहिनी भांडं आधी आणि नंतर वजन करून घेणार. सासूबाई वैतागल्या, पण आकडे मिळाले. किलोभर भाजणीला १०० ग्रॅमच्या आसपास कडकडीत मोहन येत होतं. पाणी किती, ते उकळल्यावर किती उरतं, मीठ किती, उकड झाकून किती वेळ ठेवली, हे सगळं वहिनींनी कागदावर उतरवलं आणि तो कागद कढईमागच्या भिंतीवर चिकटवला.

कागदाचा उपयोग तिसऱ्याच दिवशी कळला. दुसऱ्या कढईवर बसलेल्या मावशींच्या चकल्या तेलात पडताच पसरायला लागल्या, कडा विरघळून कढईभर चुरा झाला.

"अहो वहिनी, पीठच खराब आलंय," मावशी म्हणाल्या.

"मोहन किती घातलंत?"

"एका किलोला दोन वाट्या. तुम्हीच सांगितलंत ना?"

वहिनींनी वाटी सांगितली होती ती आमटीची छोटी. मावशींनी घेतली ती त्यांच्या हाताला लागलेली मोठी. मोहनाचं काम पिठाच्या कणांवर तेलाचा थर चढवण्याचं. त्यामुळे चकली खुसखुशीत होते. हा थर जास्त झाला, तर कण एकमेकांना धरत नाहीत आणि गरम तेलात सुटे होतात. मोहन कमी पडलं तर उलटं होतं, चकली दगडासारखी कडक निघते. जास्त मोहनाची उकड वाया जात नाही. तिच्यात मोहन न घातलेली कोरडी भाजणी मिसळली की ती सावरते. वहिनींनी तेच केलं, आणि मग घरातल्या सगळ्या वाट्या उचलून आतल्या खोलीत ठेवल्या. त्यानंतर मोहन फक्त काट्यावर.

इथे जुन्या उदाहरणाची आठवण येते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात ठेवतात. लाटणं हजारो घरांत होतं, पण पापडाचं पीठ संस्थेच्या केंद्रातच भिजवलं जातं आणि बायका ते घेऊन घरी जातात. चव आणि पोत ठरतो तो पीठ भिजवताना, लाटताना नाही. जिथे हाताचा अंदाज सगळ्यात जास्त बिघडवू शकतो, ते काम एका जागी आणि एका मापावर आणायचं, बाकीचं वाटून द्यायचं. वहिनींनीही शेवटी तसंच केलं. उकड फक्त त्या स्वतः काढणार, चकल्या पाडायला आणि तळायला बाकीच्या.

आता उत्पादनाचं गणित. घरच्या कढईत एका वेळी सहा-सात चकल्या मावतात आणि एक घाणा निघायला सहा-सात मिनिटं लागतात. हे सगळं धरून तासाला एक किलो चकली निघते. ३०० किलोंना ३०० तास. म्हणून वहिनींनी मोठी कढई आणि व्यावसायिक शेगडी भाड्याने आणली, दोन-दोन. सिलिंडरही व्यवसायाचे १९ किलोंचे घेतले, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. मोठ्या कढईत तीसेक चकल्या मावतात. कागदावर तासाला साडेचार किलोंचा हिशेब बसतो, पण प्रत्यक्षात साडेतीनच निघाल्या. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

चकली तेलात सोडायची ती १७० ते १८० अंशांवर. थंड उकडीच्या तीस चकल्या एकदम तेलात पडल्या की त्यांच्यातलं पाणी तापून वाफ व्हायला लागतं आणि तेलाची उष्णता भराभर खेचली जाते. लहान कढईत सहा चकल्यांनी तेल थोडं उतरतं आणि लगेच सावरतं. मोठ्या कढईत तीस सोडल्या तर ते १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. इतक्या कमी तापमानात चकली तळण्याऐवजी तेल पीत बसते, मऊ होते आणि हाताला तेलकट लागते. मग घाबरून आच वाढवली तर बाहेरून लाल होते आणि आत ओलसर राहते. वहिनींनी बाजारातून तळणीचा थर्मामीटर आणला आणि नियम केला: तीस नाही, बावीसच सोडायच्या आणि पुढचा घाणा तेल १७० ला आल्याशिवाय सोडायचा नाही. घाण्याला आठेक चकल्या कमी निघाल्या. पण टाकून देण्यासारखी एकही नाही. चकली झाली की नाही हे मात्र थर्मामीटरवरून कळत नाही. ते बुडबुड्यांवरून कळतं. आतलं पाणी निघत असेतोवर चकलीभोवती फेस उठत राहतो. तो शांत झाला की चकली झाली.

दोन कढया, तासाला सात किलो, दिवसाला सात तास खरं तळण. म्हणजे रोज पन्नासच्या आत-बाहेर किलो आणि तळण्याचेच सहा-सात दिवस. त्याच्या आधी भाजणी. एक किलो भाजणीतून सव्वा ते साडेतेरा छटाक वगैरे जुन्या हिशेबात न शिरता सांगायचं, तर वहिनींच्या काट्यावर एक किलोतून १.३ किलो चकली निघाली. पाणी जातं, तेल येतं. तुटफूट धरून त्यांना २४० किलो भाजणी लागणार होती, म्हणजे जवळपास १२८ किलो तांदूळ धुऊन सुकवायचे होते, आणि तेही परतीच्या पावसात. गच्चीचा विचार सोडून दिला. बैठकीच्या खोलीत चादरी घालून, पंखे लावून, तीन वाट्यांनी तांदूळ सुकवले. तांदळात ओल राहिली तर भाजायला दुप्पट वेळ लागतो आणि गिरणीत पीठ जात्याला चिकटतं. डाळी धुतल्या नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. हे सासूबाईंना पसंत पडलं नाही. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

गिरणीची एक खुबी. आधीच्या माणसाने गहू दळून नेले असतील तर जात्यात गव्हाचं पीठ उरतं आणि तुमच्या भाजणीत मिसळतं. चवीत ते कळत नाही, पण पाकिटावर ज्याला गहू चालत नाही अशा माणसाने विश्वास ठेवला तर? वहिनींनी सकाळची पहिली पाळी मागितली आणि आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढलं.

तळण्यात तेल हा दुसरा मोठा प्रश्न. ३०० किलोंना १५ किलोंचे सहा-सात डबे गेले. घरी कढईतलं तेल दोन-तीनदा वापरून भाजीला संपतं. इथे तेच तेल दिवसभर तापतं. तापलेल्या तेलात काही जड, चिकट घटक तयार होत जातात. त्यांना 'टोटल पोलर कंपाउंड' म्हणतात आणि ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून लागू आहे. मोजायचं यंत्र महाग. पण डोळ्याला दिसणाऱ्या खुणा आहेत. तेल काळवंडतं, नेहमीपेक्षा लवकर धूर येतो, वरचा फेस घाणा काढल्यावरही बसत नाही, हाताला चिकट लागतं. कमी झालेल्या जुन्या तेलात नवं ओतलं की ते नवं होतं असा समज आहे, तो खरा नाही. वहिनी रोज दुपारी तेल गाळायच्या, तळाचा चुरा काढून टाकायच्या (तोच जळून तेल बिघडवतो), आणि दीड-दोन दिवसांनी कढई पूर्ण रिकामी करायच्या.

तेल कोणतं, याचा निर्णय त्यांना जड गेला. घरी शेंगदाणा तेल. पुण्याच्या पाकिटावर चवीला तेच हवं होतं, पण स्वस्त आणि टिकाऊ तेल पामचं. बाजारातल्या फरसाणात ते असतं ते केवळ स्वस्ताईसाठी नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनला सहज बळी पडत नाही, त्यामुळे माल उशिरा खवट होतो. सूर्यफूल तेल याउलट लवकर बिघडतं. वहिनींनी शेंगदाणाच ठेवलं आणि त्याची किंमत दिवसांत मोजली: पाकिटावर टिकण्याची मुदत ३० दिवस. मोठ्या कंपन्यांसारखे तीन-चार महिने त्यांना लिहिता येत नाहीत, कारण त्यांच्याकडे पाकिटात नायट्रोजन भरायचं यंत्र नाही. ३० दिवस हाही अंदाज नव्हता. उन्हाळ्यात त्यांनी काही पाकिटं कपाटात आणि काही खिडकीजवळ ठेवून दर आठवड्याला एकेक फोडून वास घेतला होता. पाचव्या आठवड्यात खिडकीजवळच्या पाकिटाला जुन्या खोबरेल तेलासारखा वास आला, कपाटातल्याला सहाव्यात.

पाकिटानेच पुढे घात केला. चौथ्या दिवशी संध्याकाळी घाई झाली म्हणून शेवटच्या घाण्यांच्या चकल्या तासाभरातच पाकिटात गेल्या. हाताला त्या गार लागत होत्या. सकाळी पाकिटांच्या आतून बारीक दव दिसलं. चकलीचा गाभा कोमट असला तरी त्यातून वाफ सुटत राहते. बंद पाकिटात तिला बाहेर जायला वाट नसते, ती प्लॅस्टिकवर थिजते आणि चकली ते पाणी परत शोषते. पाकीट जितकं हवाबंद, तितकं नुकसान जास्त. १२ किलो माल, ४८ पाकिटं बाद झाली. तिथून पुढे चकल्या जाळीवर, पंख्याखाली, किमान तीन तास. वर्तमानपत्रावर पसरायची सवय आधीच मोडली होती, छपाईची शाई खाण्यात उतरते म्हणून. आणि पाऊस सुरू असलेल्या दोन दिवसांत पाकिटं भरायचंच नाही, चकल्या झाकणाच्या डब्यांत ठेवून कोरड्या दुपारची वाट पाहायची.

मोठ्या ऑर्डरमध्ये कढईपेक्षा जागाच आधी कमी पडते, हे फार जणींना आधी कळत नाही. पन्नास किलो चकली एका वेळी पसरून गार करायला वहिनींची बैठकीची खोली, ओसरी आणि शेजारणीचा हॉल लागला.

पाकिटावर काय छापायचं, हे त्यांना दुकानांमुळे आधीच माहीत होतं: एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने घटक, बॅच, तारीख, एमआरपी, पत्ता. चुकलं ते वजन. २५० ग्रॅम छापलं की प्रत्येक पाकिटात थोडीफार घट कायदा सोसतो, पण सगळ्यांची सरासरी कमी भरता कामा नये. चकलीची अडचण अशी की शेवटची चकली अर्धी करून घालता येत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटात सरासरी आठ ग्रॅम जास्त जात होते. १२०० पाकिटांना साडेनऊ किलो! मग चकली पाडताना तिचा आकार लहान केला. दोन छोट्या चकल्यांच्या अदलाबदलीत वजन जुळायला लागलं.

आता पैसे. साहित्य १४०, त्यात गॅस १५, पाकीट आणि खोकी ३२, सहा बायकांची मजुरी ६०, वाहतूक ८ आणि तुटफूट धरली की किलोमागे २६५ च्या आसपास खर्च जातो. ३३० मधून राहिले ६५. म्हणजे ५७ हजार नव्हे, १९,५००, आणि त्यात वहिनींची स्वतःची तीन आठवड्यांची मजुरीही आहे. दवाच्या पाकिटांनी त्यातले तीन हजारांवर खाल्ले. ते ४८ पाकिटांचे चकले ओव्हनमध्ये कोरडे करून चुरा म्हणून ओळखीत विकले, थोडे परत आले.

खरी कसोटी नफ्याची नव्हती, आधी घालायच्या पैशांची होती. जवळपास ८० हजार रुपये माल पोचायच्या आत जाणार होते. दुकानदार तांदळाचे पैसे रोख मागतो, बायकांना रोज संध्याकाळी मजुरी द्यावी लागते. कंपनीचा हिशेब विभाग म्हणाला, बिल मिळाल्यावर साठ दिवसांनी. फोनवर हो म्हणून टाकणाऱ्या पुष्कळजणी इथे बांगड्या गहाण ठेवतात. वहिनींनी दोन गोष्टी मागितल्या. निम्मे पैसे आगाऊ, आणि माल दोन हप्त्यांत: बाराव्या दिवशी ७०० पाकिटं, सोळाव्या दिवशी ५००. आश्चर्य म्हणजे खरेदी अधिकाऱ्याला हप्त्यांची काहीच अडचण नव्हती. डबे भरायचं काम त्यांच्याकडेही एका दिवसात होणार नव्हतं.

साठ दिवसांच्या मुद्द्यावर वहिनींच्या मुलाने उद्यम नोंदणीचा कागद पुढे केला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी लावता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. कोर्टकचेरी कोणी करत नाही हे खरं, पण आयकर कायद्यात २०२३-२४ पासून आलेल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. हिशेब विभागाला व्याजापेक्षा ही ओळ लवकर समजली. उरलेले निम्मे पैसे ३० दिवसांत द्यायचं ठरलं, आणि ते एकतिसाव्या दिवशी आले.

डिसेंबरात एका मोठ्या दुकानसाखळीचा माणूस येऊन गेला. दर महिन्याला ५०० किलो, पण भाव २९०, आणि न खपलेला माल परत घ्यायचा. वहिनींनी त्याच्यासमोरच वही उघडली. ३० दिवस टिकणारी चकली दुकानाच्या फळीवर वीस दिवस पडून परत आली, तर ती पुन्हा विकता येणार नव्हती. त्यांनी २०० किलो, ३४० भाव आणि परतीचा माल नाही, असं सांगितलं. तो विचार करून कळवतो म्हणाला आणि जाताना चकलीची दोन पाकिटं पैसे देऊन घेऊन गेला.